फोनच्या पोटातली कामं

खाणी बंद झाल्या तेव्हा मी नववीत होते. वडील डिचोलीच्या बाजूला खनिजाचा ट्रक चालवायचे. ट्रक मालकाचा, चालवणं त्यांचं. काम थांबलं तसा तो ट्रक मालकाच्या आवारात उभा राहिला, आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच्या टपावर वेल चढला. वडील अधूनमधून नुसते बघून यायचे. घरी येऊन म्हणायचे, "आज आरशापर्यंत गेलो वेल." आम्ही मूळचे सिंधुदुर्गातले, खाणीच्या कामासाठी आजोबा इकडे आले. शेत नाही, बागायत नाही. खाण नाही म्हटल्यावर काहीच नाही.

आईनं दोन म्हशी पाळल्या होत्या. आधी त्या घरच्या दुधापुरत्या होत्या, मग घरच त्यांच्यावर आलं. सकाळ-संध्याकाळ ती कॅन डोक्यावर घेऊन गावच्या दूध सोसायटीत जायची. सोसायटीत दूध थंड ठेवणारी मोठी स्टीलची टाकी होती, सगळे तिला कूलर म्हणायचे. संध्याकाळचं दूध त्यात रात्रभर राहायचं आणि सकाळी टँकर न्यायचा. कूलर चालू तर दूध घेणार, कूलर बंद तर दूध परत.

एकदा तो तीन दिवस बंद होता. पहिल्या संध्याकाळी आई भरलेला कॅन घेऊन परत आली, तशीच उंबऱ्यावर टेकली आणि कॅन मात्र मांडीवरून खाली ठेवीना. वडील म्हणाले, "ठेव गो खाली." ती म्हणाली, "ठेवलां तर नासलां असा वाटात." त्या तीन दिवसांत आम्ही दूध प्यालो, खवा केला, शेजारी वाटलं, शेवटी म्हशीच्याच घमेल्यात ओतलं. तिसऱ्या दिवशी दुपारी जुन्या स्कूटरवरून एक मेस्त आला. आमच्याकडे हाताचं काम जाणणाऱ्या कुणालाही मेस्त म्हणतात, मग तो सुतार असो की यंत्रवाला. दीड तासात कूलर घरघरायला लागला. आईनं त्या माणसाचा चेहरा पाहिलाही नसेल, पण त्या दिवसापासून आमच्या घरात एक बोलणं पडून गेलं: काही नीट झालं की आई म्हणायची, "मेस्त इलो वाटता."

मी बी.एस्सी. झाले. इलेक्ट्रॉनिक्स. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी आजही मोठ्यानं सांगते. म्हापशाच्या बसमध्ये पुस्तक मांडीवर घेऊन शिकले, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पदवीनंतर ज्या कंपनीत लागले तिच्याकडे पेडणे आणि डिचोली तालुक्यातल्या दूध सोसायट्यांचे कूलर सांभाळायचं कंत्राट होतं. वडिलांनी दारातूनच शेजाऱ्याला ओरडून सांगितलं, "माझा चेडू मेस्त झाला!"

शिकवायला मला ज्यांच्या हाताखाली दिलं ते खरेच मेस्त. पेडण्याचे, पन्नाशी उलटलेले, चौथी शिकलेले. पहिल्या आठवड्यात त्यांची स्कूटर बघूनच मला शंका आली. विचारलं, "मेस्त, तुम्ही आमच्या गावात आला होता? कूलर तीन दिवस बंद होता तेव्हा?"

"बाय, तीन दिस बंद नाय असलेलो कूलर मी अजून बघूक नाय," ते म्हणाले. "खंयचो म्हणान ध्यानात ठेवू?"

मी आईला सांगितलं. आईनं दुसऱ्या दिवशी डब्यात दोघांपुरती घावनं दिली.

मी लागले त्याच वर्षी कंपनीनं कामाचे कागद बंद केले आणि सगळ्यांच्या हातात फोन दिले. फोनमध्ये एक ॲप. सोसायटीनं तक्रार नोंदवली की तिचं तिकीट तयार होतं आणि आपल्या यादीत येतं. प्रत्येक तिकिटावर चार टप्पे: निघालो, पोचलो, काम सुरू, काम पूर्ण. शेवटच्या टप्प्याला कूलरच्या आकड्याचा फोटो लावायचा. दूध चार अंशांवर आलं म्हणजे काम झालं.

हे गावात सोपं. पण आमच्या अर्ध्या सोसायट्या नदीकाठच्या खोलगट भागात. हळर्णच्या पुढे उतारावर लागलं की फोनच्या रेंजच्या काड्या एकेक करून विझतात. केरीच्या टोकाला तर कधी आपल्या बाजूची रेंज नसते आणि नदीपलीकडची येते. म्हणून ते ॲप रेंज नसतानाही चालेल असं केलेलं होतं. सकाळी म्हापशात यादी फोनमध्ये उतरवून घ्यायची. मग खाली कुठेही जा, तिकीट उघडतं, टप्पा दाबता येतो, फोटो लागतो. फोन ते सगळं आपल्यापाशी, दाबल्याच्या वेळेसकट, जपून ठेवतो. वरच्या कोपऱ्यात एक ढग आणि त्याच्या शेजारी लाल आकडा. आकडा म्हणजे अजून पाठवायच्या राहिलेल्या नोंदी. रेंज आली की त्या क्रमानं ऑफिसच्या सर्व्हरवर जातात आणि आकडा पुसला जातो.

मेस्तांना तो लाल आकडा पहिले पंधरा दिवस आपल्या चुकांचा वाटत होता.

"सात चुको झाल्यो आज," ते एकदा संध्याकाळी खिन्न होऊन म्हणाले.

"चुका नव्हेत, मेस्त. तुम्ही केलेलंच काम आहे. फोनच्या पोटात आहे अजून."

"पोटात?"

"रेंज आली की बाहेर येईल."

त्यांनी फोन उलटा-सुलटा करून पाहिला. "म्हणजे सड्यार गेलो की ओकतलो." सडा म्हणजे वरचा कातळाचा माळ, तिथे रेंज असते.

तेव्हापासून आमच्यात तोच शब्द. 'ओकलो काय रे तुझो?' असं सगळे तंत्रज्ञ एकमेकांना विचारायचे. मी त्यांच्या ॲपची भाषा मराठी करून दिली, अक्षर मोठं करून दिलं. मेस्तांच्या बायकोनं फोनला जुन्या साडीची पिशवी शिवली. ग्रीसचे हात फोनला लावायचे नाहीत म्हणून ते करंगळीच्या सांध्यानं बटण दाबायचे, आणि दाबताना मान थोडी मागे घ्यायचे, जणू फोन चावेल. पण दाबायचे त्या त्या वेळी. पोचले की 'पोचलो'. पाना हातात घेण्याआधी 'काम सुरू'. आणि दूध चार अंशांवर येईपर्यंत तिथेच बसायचे. तास जाऊ दे, दोन जाऊ देत. सोसायटीच्या सेक्रेटरीशी गजाली मारत बसायचे, पण आकडा बघितल्याशिवाय 'काम पूर्ण' नाही.

अडचण इथेच होती. कंपनीचा नियम असा, की बिघाडाचं तिकीट आल्यापासून सहा तासांत बंद झालं पाहिजे. आत झालं तर ऑफिसच्या पडद्यावर हिरवं, नाही तर लाल. आणि पडदा वेळ धरायचा ती नोंद सर्व्हरवर पोचल्याची. काम कधी झालं त्याची नव्हे. मेस्तांचं घरही खोलगटात, तिथे रेंज नाही. दिवसभर केलेलं काम फोनच्या पोटात रात्रभर झोपायचं आणि सकाळी म्हापशाच्या वाटेवर, पेडण्याच्या चढावाला, टिंग टिंग करत जायचं. म्हणजे आमच्यातला सगळ्यात चोख माणूस पडद्यावर सगळ्यात लाल.

बाकीच्यांनी यावर तोड काढली होती. उतरण्याआधी सड्यावर, जिथे रेंज असते तिथे, काजूच्या झाडाखाली स्कूटर लावायची आणि चारही टप्पे एकदम दाबून टाकायचे. फोटो मागच्या खेपेचा, फोनमध्ये असतोच. मग खाली जाऊन काम करायचं. काम तर करायचंच असतं, कुणी चुकवत नव्हतं. याला ते 'आगाऊ' म्हणायचे. "आगाऊ मारून ये," असं सरळ बोलायचे. मीही मारायचे. शिकलेली होते ना, मला नियमातली फट लगेच दिसली.

मेस्तांना मी एकदा सांगूनही पाहिलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या चहात मीठ घातलंय.

"दूध थंड होवच्या आदी थंड झाला म्हणान कसा लिवचा?"

"नुसती नोंद आहे ती, मेस्त. काम तर तुम्ही करणारच."

"मगे काम झाल्यार करतंय नोंद."

एका महिन्याच्या मध्यावर ऑफिसातल्या साहेबांनी त्यांना बोलावलं. साहेब वाईट माणूस नव्हता, पण त्याच्यासमोर पडदा होता आणि आम्ही नव्हतो. मेस्तांचं कंत्राट दरवर्षी नवं व्हायचं, आणि ते त्याच महिन्याच्या शेवटी संपत होतं. "आणखी एक लाल आलं तर मला तुमचं नाव पुढे पाठवता येणार नाही," तो म्हणाला. मेस्त बाहेर आले आणि माझ्याकडून सड्यावरची रेंजची नेमकी जागा समजून घेतली. आगाऊ मारायला नव्हे. काम झाल्यावर, तिकिटाचे सहा तास संपायच्या आत, तिथपर्यंत चढून जायला. वही नव्हती म्हणून टूलबॉक्सच्या झाकणावर खडूनं काजूचं झाड काढून घेतलं.

त्यानंतरचे आठ-दहा दिवस मेस्त प्रत्येक कामानंतर स्कूटर घेऊन सड्यावर चढत. फोन पिशवीतून काढून आभाळाकडे धरत. लाल आकडा पुसला गेला की त्याच्याकडे बघून म्हणत, "ओक पुता, ओक." आणि परत खाली उतरत. सगळं हिरवं जात होतं.

मग तो दिवस आला ज्याबद्दल मी हे लिहायला बसले.

सकाळी दोन तिकिटं, दोन्ही आठ वाजता आलेली. एक हळर्णच्या पुढच्या एका वाडीचं, ते माझं. दुसरं नदीच्या वरच्या अंगाच्या गावचं, ते मेस्तांचं. मी सड्यावर थांबले. माझ्या वाडीचा कूलर मागे दोनदा बंद पडला होता आणि दोन्ही वेळा कारण एकच होतं: मागच्या जाळीत वैरणीची धूळ अडकलेली, हवा जात नाही, यंत्र तापून बंद. ब्रश मारला की चालू. म्हणून मी काजूच्या झाडाखाली आगाऊ मारलं. पोचले, काम सुरू, काम पूर्ण. मागच्या खेपेचा चार अंशांचा फोटो लावला. रेंज होती, सगळं तिथल्या तिथे गेलं. तिकीट बंद होऊन माझ्या यादीतून नाहीसंसुद्धा झालं. पावणेअकरा वाजले होते.

खाली गेले. जाळी साफ केली. कूलर चालू केला. कॉम्प्रेसर सुरू झाला, पण मागचा पंखा फिरेना. हातानं फिरवून पाहिला तर घट्ट. पंख्याची मोटर जाम झाली होती. पंख्याशिवाय कॉम्प्रेसर पाच मिनिटांत तापून बंद. आणि मोटर माझ्या पिशवीत नव्हती.

सोसायटीचा सेक्रेटरी गावचाच शेतकरी, जाड चष्म्यातून बघणारा. म्हणाला, "आता काय गो?"

"मागवते," मी म्हटलं.

परत सड्यावर चढले. सुटा भाग मागवायचा तर तिकिटावरूनच मागवावा लागतो. बाराच्या आत मागवला तर दुपारच्या गाडीनं येतो. तिकीट उघडायला गेले तर ते बंद. बंद तिकिटावर भाग मागवता येत नाही. ऑफिसला फोन केला. तिथली मुलगी गोड बोलली. "मॅडम, हे काम तर पूर्ण झालंय ना? नवीन बिघाड असेल तर सोसायटीनं त्यांच्या नोंदवलेल्या नंबरवरून नवं तिकीट टाकायचं." सोसायटीचा नोंदवलेला नंबर खाली सेक्रेटरीच्या खिशात, जिथे रेंज नाही. त्याला मागे बसवून वर आणीपर्यंत आणि नवं तिकीट ऑफिसातून फिरून येईपर्यंत बारा वाजून जाणार होते. गाडी दुसऱ्या दिवशी.

पाच वाजता बायका दूध घेऊन येणार होत्या.

मी त्या झाडाखाली उभी राहिले आणि मला आईची मांडी दिसली, त्यावरचा तो कॅन. सांगायला लाज वाटत नाही, मी रडले. मग डोळे पुसून स्कूटर वळवली आणि मेस्त कामाला गेले होते त्या गावचा उतार धरला.

मेस्त काम संपवून सोसायटीच्या ओट्यावर पेज जेवत होते. फोन पिशवीत, पिशवी शेजारी. मला बघून म्हणाले, "ये ये, लोणचा चांगला आसा." मग माझा चेहरा बघितला. "रडतंस कित्याक?"

मी सगळं सांगितलं. आगाऊसकट.

ते उठले. थाळी धुतली, टूलबॉक्स उघडला. तळाशी वर्तमानपत्रात बांधलेली एक जुनी मोटर होती, कुठल्या तरी मोडीत काढलेल्या कूलरची, बेअरिंग बदलून ठेवलेली. मेस्त काही टाकत नसत.

"चल."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. "मेस्त, तुमचं काम किती वाजता झालं?"

"बारा-चाळीस. फोटो मारलंय. पोटात आसा."

आणि तिकीट आठचं. दोनच्या आत सर्व्हरवर जायला हवं. एक वाजून गेला होता. नदीकाठच्या वाटेनं माझी वाडी वीस मिनिटांवर. सड्यावरून गेलं तर चढ-उतार धरून त्याच्या दुप्पट.

"आधी सड्यावर जाऊया," मी म्हटलं. "तुमचं ओकू दे. मग खाली."

"मोटर बसवक तास लागात. मगे टाकी थंड होवक दोन तास. पाच वाजता दूध येतला." त्यांनी स्कूटरला किक मारली. "हिशेब तूच कर, तू शिकलेली."

"मग तुमचा फोन द्या. मी एकटी जाते वर."

"मोटर एका माणसान बसना नाय, बाय. एकान उचलूची, एकान बोल्ट घालूचे. तुजी स्कूटर हंयच ऱ्हवां दी, बस मागे."

वाटेत मी पुन्हा म्हटलं, "मेस्त, आणखी एक लाल आलं तर साहेब…"

"लाल झाला तर लाल झाला," ते वाऱ्यात ओरडले. "मिरचेकय लालच म्हणतत!"

मोटर बसली. मी उचलून धरली, त्यांनी बोल्ट घातले. माझी पकड सुटायला लागली, तर म्हणाले, "पदवी घट्ट धर." पावणेतीनला पंखा फिरला. टाकी रिकामी होती, तिचा तळ हळूहळू गार होत गेला. पाचच्या ठोक्याला पहिली बाई कॅन घेऊन आली. सेक्रेटरीनं चष्मा पुसून आकडा बघितला, आपल्या जाड वहीत लिहिलं आणि तिचं दूध घेतलं. ती बाई आमच्याकडे न बघता निघून गेली. मला ते फार बरं वाटलं. कूलर चालू असला की कुणी मेस्ताकडे बघत नाही.

माझ्या आगाऊबद्दल मेस्त एकच गोष्ट बोलले, तीही हात धुताना. "तुजी आवय सोसायटीत दूध घालता, मा?"

"हो."

"मगे तुका कळाक व्हया होता."

एवढंच. त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर चाललं असतं.

दूध पूर्ण थंड होईपर्यंत ते हलले नाहीत. अंधार पडता पडता घरी गेले. त्यांचं बारा-चाळीसचं काम फोनच्या पोटात रात्रभर राहिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चढावावर टिंग करून गेलं. ऑफिसच्या पडद्यावर एक लाल आलं. माझं त्या दिवसाचं काम हिरवंगार होतं.

महिनाअखेरीला म्हापशाच्या ऑफिसात बैठक असते. सगळे तंत्रज्ञ, भिंतीवर पडदा, समोर साहेब. मेस्तांची ओळ तळाला. साहेब खाली बघत म्हणाला, "मेस्त, मी तुम्हाला सांगितलं होतं. नियम सगळ्यांना एकच आहे." मेस्तांनी मान हलवली. पिशवीतून फोन काढून टेबलावर ठेवायला पुढे केला, पिशवीसकट. परत करायचा म्हणून.

मी उठले. घरून ठरवूनच आले होते.

"साहेब, त्यांचं ते काम बारा-चाळीसला झालंय. फोनमध्ये वेळ आहे." मी मेस्तांचा फोन घेऊन तिकीट उघडलं. तपशिलात खाली, फिकट अक्षरांत, दोन वेळा होत्या: दाबल्याची आणि पोचल्याची. "पडदा दुसरी वेळ धरतो. ती रेंज मिळाल्याची वेळ आहे. कामाची नव्हे."

साहेबानं बघितलं. मग म्हणाला, आणि त्याचं म्हणणं चूक नव्हतं, "फोनचं घड्याळ कोणीही मागे करू शकतं. म्हणून आपण सर्व्हरची वेळ धरतो."

"फोन नोंदी पाठवतो तेव्हा आपलं त्या क्षणाचं घड्याळही पाठवतो. ते सर्व्हरच्या घड्याळाशी जुळतं की नाही ते तिथे दिसतं. मेस्तांचं जुळतं. आणि घड्याळावर विश्वास नसेल तर त्या गावच्या सोसायटीच्या वहीत सेक्रेटरी रोज वेळेसकट आकडा लिहितो. मी वहीचा फोटो आणलाय."

साहेबानं ॲप बनवणाऱ्यांना तिथूनच फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, दोन्ही वेळा साठवतो, कुठली दाखवायची ते तुम्ही सांगाल तसं. ऑफिसात कुणीतरी खोकलं. साहेब एक-एक करून मेस्तांची लाल तिकिटं उघडत गेला. सगळी वेळेच्या आत.

मग त्यानं मला विचारलं, "आणि त्या दिवशी मेस्त काम संपल्यावर लगेच वर का नाही गेले? आधीचे आठ-दहा दिवस तर जात होते."

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं.

"माझ्या मदतीला आले. माझा कूलर बंद होता."

"तुझं तर पावणेअकराला पूर्ण झालंय."

"ते खोटं आहे," मी म्हटलं. "मी सड्यावर उभी राहून दाबलं. फोटो जुना आहे. काम पावणेतीनला झालं, मेस्तांच्या मोटरनं."

सगळे आपापल्या चपलांकडे बघायला लागले. बाकीच्यांची नावं मी घेतली नाहीत, ती माझी नव्हती. पण साहेब मूर्ख नव्हता. त्यानं पडद्यावर आणखी चार हिरवी तिकिटं उघडली. 'पोचलो' आणि 'काम पूर्ण' यांच्यात एकेका मिनिटाचं अंतर. त्यानं हळूच पडदा बंद केला.

मला लेखी ताकीद मिळाली आणि माझी कच्ची नोकरी आणखी तीन महिने कच्ची राहिली. ते बरोबरच होतं. मेस्तांचा फोन साहेबानं त्यांच्याकडे सरकवला. "पिशवी छान आहे," म्हणाला.

जिन्यावर मेस्त माझ्यावर तापले. "तुका कोणी सांगलेला बोलूक? नोकरी गेली असती तर? आवयक काय सांगतलंस?"

"सांगितलं असतं मेस्त इलो वाटता."

त्यांना ते कळलं नाही. मग मी घरची ती गोष्ट सांगितली, कॅनची, तीन दिवसांची, आणि आई अजून काय म्हणते ती. ते एका पायरीवर थांबले. फोनची पिशवी सारखी केली. मग म्हणाले, "भूक लागली. चल, भाजीपाव खाऊया. पैसे मी देतंय, तू आता ताकीदवाली." भाजीपाव खाताना त्यांनी उंडो, म्हणजे तो गोल कडक पाव, मधोमध फाडून मोठा भाग माझ्या बशीत टाकला.

पुढच्या दोन महिन्यांत ॲप बदललं. आता 'काम पूर्ण'चा फोटो फक्त कॅमेऱ्यातूनच घेता येतो, जुना लागत नाही. पडद्यावर दोन रकाने आले, काम झाल्याची वेळ आणि नोंद पोचल्याची वेळ, आणि हिरवं-लाल पहिल्या रकान्यावरून ठरतं. बंद तिकीट तंत्रज्ञाला चोवीस तासांत परत उघडता येतं. हे तिसरं मी मागून घेतलं. सड्यावरच्या काजूखाली आता कुणी आगाऊ मारत नाही. तिथे थांबतात ते खालून येताना, ओकायला.

मेस्तांचं कंत्राट नवं झालं. नंतर पुन्हा एकदा झालं. ते अजून कामावर आहेत. तीन महिन्यांनी मीही पक्की झाले. आज नार्वे ते केरी जे कूलर आहेत त्यांतले अर्धे मी बघते, अर्धे मेस्त बघतात, आणि आईच्या सोसायटीचा कूलर माझ्या यादीत आहे. मी लागल्यापासून तो एकही रात्र बंद राहिलेला नाही.